डांग्या खोकला परत का आला?



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच घरांना परदेशातून एक नवी सूचना येऊ लागली आहे. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना तिकीट, व्हिसा आणि विमा यांच्या जोडीला आणखी एक काम सांगितले जाते: निघण्याआधी निदान दोन आठवडे डांग्या खोकल्याची लस घेऊन या. ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. डांग्या खोकला हा पोरांचा आजार, आणि तोही आपल्या आजीच्या काळातला, अशी आपली समजूत. साठी ओलांडलेल्या माणसाला ही लस कशाला?

ही सूचना मागासलेल्या देशातून आलेल्या पाहुण्यांविषयीच्या शंकेपोटी येत नाही. ती त्यांच्याच घरच्या आकड्यांतून आलेली आहे. इंग्लंडमध्ये २०२३ साली प्रयोगशाळेत खात्री झालेले डांग्या खोकल्याचे रुग्ण हजाराच्याही आत होते. २०२४ मध्ये तोच आकडा १५ हजारांच्या घरात गेला आणि ११ तान्ही बाळे दगावली. अमेरिकेत त्याच वर्षी ३५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. आदल्या वर्षी ती सात हजारांच्या आसपास होती.

कोविडच्या काळात माणसे घरात राहिली, त्यामुळे हा जंतूही फारसा फिरला नाही आणि मग साचलेली थकबाकी एकदम वसूल झाली, हे एक कारण आहेच. शिवाय या आजाराची लाट दर तीन ते पाच वर्षांनी येतेच. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. इंग्लंडमध्ये दहापैकी नऊहून अधिक बाळांना पहिल्या वर्षातल्या लसी मिळतात. तरीही २०२४ च्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास माणसे पंधरा वर्षांच्या वरची होती, म्हणजे बहुतेकांनी लहानपणी लस घेतलेली. मग लस गेली कुठे? हा प्रश्न खातेवहीच्या अंगाने पाहिला तर बराच उलगडतो, असे आम्हाला वाटते.

आधी जंतूची ओळख

या जंतूचे नाव बोर्डेटेला पर्टुसिस. झूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू या दोघांनी १९०६ साली ब्रुसेल्समध्ये तो प्रथम वेगळा करून वाढवला. तो फक्त माणसात राहतो. प्राण्यांत, पाण्यात किंवा मातीत त्याचे ठाणे नाही. म्हणजे प्रत्येक रुग्णाला तो दुसऱ्या माणसाकडूनच मिळालेला असतो.

आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिशय सूक्ष्म केस असतात. शेतातल्या पिकासारखे ते एका लयीत डोलतात आणि धूळ व कफ वर ढकलत राहतात. हा जंतू नेमका त्या केसांनाच चिकटतो. त्यासाठी त्याच्या अंगावर चिकटणारी प्रथिने असतात, ज्यांना शास्त्रज्ञ अॅडहेसिन म्हणतात. त्यातली तीन महत्त्वाची. पहिले लांब दोऱ्यासारखे, ते फिलामेंटस हिमॅग्लुटिनिन. दुसरे पर्टॅक्टिन. तिसरे फिंब्री, म्हणजे जंतूच्या अंगावरचे बारीक तंतू. केसांच्या सतत चाललेल्या झाडलोटीत टिकून राहायचे तर अशी पकड हवीच.

एकदा पकड बसली की जंतू विषे सोडू लागतो. एक विष त्या केसाळ पेशींनाच मारते. झाडणारा केरसुणीसकट गेला की कफ तिथेच साचतो, आणि तो बाहेर काढायला शरीराकडे खोकल्याशिवाय दुसरे साधन उरत नाही. दुसरे विष आपल्या संरक्षक पांढऱ्या पेशींच्या आत शिरून त्यांचे अंतर्गत संदेश असे बिघडवते की त्या जंतूला गिळायचेच विसरतात. तिसरे सर्वांत प्रसिद्ध, ते पर्टुसिस टॉक्सिन. त्याच्यामुळे पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जिथे काम आहे तिथे पोहोचू शकत नाहीत आणि रक्तातच साठत जातात. म्हणूनच या आजारात लहान बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा कधी कधी छाती दडपणारा येतो. तो फार वाढला तर फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि बाळे दगावण्याचे ते एक मोठे कारण आहे.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवाव्यात. एक, हा जंतू सहसा रक्तात उतरत नाही. तो अस्तराच्या वरच्या बाजूला, म्हणजे घराच्या उंबऱ्यावरच ठाण मांडतो. दोन, पहिला आठवडा-दोन आठवडे हा आजार साध्या सर्दीसारखा दिसतो आणि त्याच काळात तो सर्वाधिक पसरतो. उबळ सुरू होऊन निदान होईपर्यंत विषांनी आपले काम केलेले असते. म्हणून तेव्हा दिलेले प्रतिजैविक जंतूला मारते आणि दुसऱ्याला होणारी लागण थांबवते, पण खोकला मात्र आठवडेच्या आठवडे चालू राहतो. चीन-जपानकडे याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, ते उगाच नव्हे.

जुनी लस आणि नवी लस

या आजारावरची पहिली भरवशाची लस १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन महिला शास्त्रज्ञांनी तयार केली. त्यात अख्खा जंतू मारून घातलेला असे. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसींसोबत ती एकत्र आली आणि आपण जिला त्रिगुणी लस किंवा डीपीटी म्हणतो ती झाली. अमेरिकेत लसीपूर्वी दरवर्षी दोन लाखांच्या आसपास रुग्ण होत. १९७६ साली ते जेमतेम हजारावर आले होते.

या लसीचा त्रास मात्र होई. मुलांना ताप येई, मांडी सुजे, बाळ तासन् तास रडे. जपानमध्ये लस दिल्यानंतर दोन बाळे दगावली, तेव्हा १९७५ साली तिथे लसीकरण थांबवले गेले. परिणाम काय झाला? १९७९ मध्ये तेरा हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू. मग जपानमध्येच युजी सातो यांच्या प्रयत्नांतून नवी लस आली आणि १९८१ पासून वापरात आली. तिच्यात अख्खा जंतू नाही. त्याची निवडक प्रथिने शुद्ध करून घातलेली असतात: निर्विष केलेले पर्टुसिस टॉक्सिन आणि वर सांगितलेल्या चिकटणाऱ्या प्रथिनांपैकी काही. ताप कमी, सूज कमी. आपल्याकडे खाजगी दवाखान्यात जिला ‘पेनलेस’ म्हणतात ती हीच. अमेरिकेने १९९० च्या दशकात आणि ब्रिटनने २००४ साली बाळांसाठी हीच लस स्वीकारली.

पहिली काही वर्षे सारे ठीक दिसले. हिशेब चुकू लागला तो या नव्या लसीवरच वाढलेली मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा.

घसरण चक्रवाढीने होते

२०१० साली कॅलिफोर्नियात नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळे गेली. तिथल्या कायझर पर्मनेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी आपल्याकडच्या नोंदी तपासल्या. ज्या मुलांना नव्या लसीच्या पाचही मात्रा वेळेवर मिळाल्या होत्या, त्यांनाही आजार होत होता. आणि पाचवी मात्रा घेऊन जितका काळ लोटला, तितकी ती शक्यता वाढत होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: पाचव्या मात्रेनंतर दर वर्षी आजाराची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढते.

बँकेत काम केलेल्या माणसाला हा आकडा पाहताच कळते की हे सरळव्याज नव्हे, चक्रवाढ आहे. समजा मात्रा घेतल्यावर लस ९५ टक्के संरक्षण देते. म्हणजे न घेतलेल्या मुलाची जोखीम शंभर धरली, तर याची पाच. एका वर्षाने ती ७.१ होते, दोन वर्षांनी १०.१, तीन वर्षांनी १४.३, चार वर्षांनी २०.३ आणि पाच वर्षांनी जवळपास २९. म्हणजे ९५ टक्क्यांचे संरक्षण पाच वर्षांत ७१ टक्क्यांवर आले. सुरुवातच ९० टक्क्यांनी झाली असेल, तर पाच वर्षांनी ते ४२ टक्क्यांपर्यंत उतरते. सुरुवातीचा पाच टक्क्यांचा फरक शेवटी एवढा मोठा होतो.

याच संस्थेने पुढे, बालपणी फक्त नवी लस मिळालेल्या आणि अकरा-बारा वर्षांच्या आसपास बूस्टर घेतलेल्या मुलांचा हिशेब केला. बूस्टरनंतर पहिल्या वर्षी संरक्षण ६९ टक्के होते. चार वर्षे उलटल्यावर ते नऊ टक्क्यांच्याही खाली गेले. म्हणजे बूस्टरचे खाते आणखी लवकर रिकामे होते. मात्र लस घेतलेल्याला आजार झाला तरी तो सहसा सौम्य असतो, हेही खरे.

असे का व्हावे? जुन्या लसीत अख्खा जंतू असल्याने शरीराच्या लढाऊ टी पेशी, नैसर्गिक आजारात जशा तयार होतात तशाच, जंतूला शोधून साफ करण्याच्या तयारीने घडतात. नवी लस प्रामुख्याने रक्तात प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे विषाला अडवतात, म्हणून मूल गंभीर आजारी पडत नाही. पण प्रतिपिंडांचा साठा काळाबरोबर घटत जातो. शिवाय जंतू बसतो उंबऱ्यावर, आणि ही फौज उभी असते घराच्या आत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या संशोधकांनी हे बबून माकडांवर करून पाहिले. नवी लस दिलेली माकडे आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू आठवडेच्या आठवडे राहिला आणि त्यांनी तो शेजारच्या लस न दिलेल्या माकडांना दिला. जुनी लस दिलेल्या माकडांनी त्याला लवकर हाकलले. पूर्वी खरा आजार होऊन गेलेल्या माकडांत तो मुळी बसूच शकला नाही. माकडांवरून माणसाचा शब्दशः हिशेब मांडता येत नाही. पण नवी लस आजाराला जितकी अडवते तितकी प्रसाराला अडवत नाही, हे कोडे यामुळे सुटते.

कुणी म्हणेल, मग खरा आजारच होऊ द्यावा. तो हिशेब खोटा आहे. खऱ्या आजाराने मिळणारी प्रतिकारशक्तीही जन्मभर टिकत नाही, आणि तिची किंमत तान्ह्या बाळाच्या जिवाने मोजावी लागते.

जंतूही स्वस्थ बसलेला नाही. अमेरिकेत २०११ ते २०१३ च्या सुमारास तपासलेल्या नमुन्यांत बहुतेक जंतूंनी पर्टॅक्टिन हे प्रथिन बनवणेच सोडून दिलेले आढळले. लस ज्या खुणेवरून त्याला ओळखते, त्यातली एक खूणच त्याने पुसली. लसीत इतर प्रथिने असल्याने ती निकामी झाली नाही, पण रोख कुठे आहे ते दिसते.

मग बाळाला वाचवायचे कसे?

आतापर्यंतचा हिशेब जोडला तर चित्र असे दिसते. किशोरवयीन मुले, आई-बाप आणि आजी-आजोबा यांचे संरक्षण संपलेले असते. त्यांना हा आजार फक्त चिवट खोकला म्हणून होतो. उबळीनंतर श्वास आत ओढताना येणारा तो ‘हूप’ आवाज मोठ्यांत बहुधा नसतो. ते बाळाला मांडीवर घेतात. बाळाची पहिली लस सहा किंवा आठ आठवड्यांनी असते आणि पुरेसे संरक्षण मिळायला आणखी मात्रा लागतात. म्हणजे जन्मानंतरचे पहिले दोन-तीन महिने बाळाच्या खात्यात स्वतःचे काहीच नसते. मृत्यू प्रामुख्याने याच महिन्यांतले असतात.

इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत १४ बाळे गेली, तेव्हा त्यांनी ऑक्टोबरमध्ये एक सरळ उपाय सुरू केला: गर्भवतीलाच लस. तिच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. ही ठेव आईची असते, म्हणून ती साधारण पाच-सहा आठवड्यांत निम्मी होते. जन्माच्या वेळी शंभर असतील, तर दीड महिन्याने पन्नास, तीन महिन्यांनी पंचवीस. पण तोवर बाळाच्या स्वतःच्या मात्रा सुरू झालेल्या असतात. एक खाते उतरत असताना दुसरे चढत असते. तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या पाहणीनुसार अशी लस बाळाचा मृत्यू टाळण्यात ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरली. आईची स्वतःची पातळीही लवकर घसरते, म्हणून प्रत्येक गर्भारपणात ती पुन्हा घ्यावी लागते. मागच्या वेळी घेतली होती, हे इथे चालत नाही.

आता २०२४ कडे परत या. २०१७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ७० टक्क्यांहून अधिक गर्भवती ही लस घेत होत्या. २०२४ च्या सुरुवातीला हे प्रमाण ६० टक्क्यांच्या खाली गेले होते. समाजात जंतू वाढला आणि नेमके त्याच वेळी बाळांची ढाल पातळ झालेली होती. त्या ११ मृत्यूंचा अर्थ यात आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या सरकारी कार्यक्रमात अजून जुनीच, अख्ख्या जंतूची लस आहे, आणि वरचा हिशेब पाहता ती जमेची बाजू आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पाच ते सहा वर्षांत दुसरा. ताप आला तरी सरकारी सुई ‘कमी दर्जाची’ असे समजू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ च्या सुमारास पहिल्या तीन मात्रांसाठी हीच लस बरी असे सांगितले होते.

उणी बाजू पाच वर्षांनंतरची. दहा आणि सोळा वर्षांना, तसेच गर्भवतीला सरकारी कार्यक्रमात टीडी दिली जाते. २०१९ पासून तिने जुन्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची जागा घेतली. टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प आहे. डांग्या खोकला नाही. तो ज्यात आहे ती टीडॅप, आणि ती बहुतांशी खाजगीत, स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते. नावात फक्त ‘ॲप’चा फरक आहे, पण बाळाची ढाल त्या दोन अक्षरांत आहे. सरकारने गर्भवतीच्या टीडीच्या एका मात्रेऐवजी टीडॅप द्यावी का, हा खर्चाचा प्रश्न जरूर आहे. पण आमच्या मते नवी सुई, नवी फेरी, नवे कार्ड यातले काहीच लागत नसल्याने तो विचारण्याजोगा आहे.

तोवर घरापुरते काही करता येते. घरात कुणी गर्भवती असेल तर सातव्या ते नवव्या महिन्यात, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत, टीडीच्या मात्रेऐवजी टीडॅप देता येईल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. नातवाच्या शाळाप्रवेशाच्या गडबडीत पाच वर्षांचा बूस्टर हुकतो. कार्ड काढून बघावे. परदेशी निघालेल्या आजी-आजोबांनी लस दोन आठवडे आधी घ्यावी, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि तीच लस गावातल्या नातवासाठीही तितकीच कामाची आहे.

घरात बाळ असताना कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, त्यात उबळ आणि उबळीनंतर उलटी असेल, तर खोकल्याच्या औषधाची दुसरी बाटली आणण्याआधी डॉक्टरांना डांग्या खोकल्याचे नाव सुचवावे. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर तपासणी पहिल्या तीन आठवड्यांत खात्रीची असते. नंतर रक्तातली प्रतिपिंडे पाहावी लागतात. घरातल्या इतरांना, विशेषतः बाळाला, प्रतिबंधक प्रतिजैविक द्यायचे का, हेही डॉक्टर तेव्हाच ठरवू शकतात. तान्हे बाळ मात्र बहुधा खोकतही नाही. ते दूध पिताना थांबते, श्वास अडखळतो, ओठ निळे पडतात. असे दिसले तर वाट पाहू नये. थेट इस्पितळ गाठावे.